सोडून गेलेल्या माणसाची सीट काढण्याआधी

*"भोसरी एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसात आम्ही नऊ जण, सगळ्यांचे कंपनीच्या नावाचे ईमेल गूगल वर्कस्पेसवर. अकाउंट्स मी बघते आणि ॲडमिनही मीच. आमचा सेल्स कोऑर्डिनेटर महिनाअखेरीस नोकरी सोडून चाकणला गेला. भांडण काही नाही, फोन केला तर उचलतो. पण कोटेशनच्या शीट, रेट लिस्ट, डिस्पॅचचा तक्ता, सगळं त्यानेच बनवलेलं. सर म्हणतात, त्याची सीट काढून टाक, फुकट पैसे कशाला भरायचे. मी डिलीट करायला गेले तर स्क्रीनवर ट्रान्सफरबद्दल काहीतरी विचारलं, म्हणून थांबले. सीट पण काढायची आहे आणि एकही फाइल जायला नको. काय करू?"*
*– एक वाचक, भोसरी*

ताई, थांबलात ते फार बरं केलंत. त्या स्क्रीनवर ट्रान्सफर नको असं निवडून पुढे गेला असतात, तर त्याच्या मालकीच्या फाइली त्याच्या खात्याबरोबर गेल्या असत्या.

आधी सरांच्या पैशांचं बघू, म्हणजे तुमच्यामागची घाई कमी होईल. `admin.google.com` उघडा, `Billing` मध्ये `Subscriptions` वर जा आणि तुमचा प्लॅन कोणत्या प्रकारचा आहे ते वाचा. तिथे `Annual` दिसलं, तर तुम्ही वर्षभरासाठी नऊ सीट घेतलेल्या आहेत आणि नूतनीकरणापर्यंत तो आकडा खाली येत नाही. आज डिलीट करा नाहीतर दोन महिन्यांनी, बिल तेवढंच. रिकामी झालेली सीट नव्या माणसाला देता येते, एवढाच फायदा. `Flexible` असेल तर मात्र सीट दर महिन्याच्या हिशोबाने असते आणि डिलीट केल्यावर खर्च खरंच कमी होतो. त्यातही तुमचं काम फार तर आठवडाभराचं आहे. एका सीटच्या आठवड्याच्या भाड्यासाठी कोटेशनची सगळी जुनी फाइलिंग पणाला लावू नका, हे सरांना स्पष्ट सांगा. वर्कस्पेस एखाद्या रीसेलरकडून घेतलं असेल तर बिलिंगचं पान तुम्हाला दिसणार नाही. मग त्यालाच फोन करून प्लॅनचा प्रकार आणि नूतनीकरणाची तारीख विचारून घ्या.

खातं नुसतं सस्पेंड करून ठेवलं तर पैसे वाचतात, असा बऱ्याच ऑफिसांत समज आहे. तसं होत नाही, सस्पेंड केलेल्या खात्याची सीटही बिलात धरली जाते. शिवाय तुमच्या बाबतीत सस्पेंड करण्यात एक मोठी अडचण आहे. सस्पेंड खात्यावर नवीन मेल येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. तो कोऑर्डिनेटर होता, म्हणजे गिऱ्हाईकांच्या फोनमध्ये, जुन्या कोटेशनच्या खाली, सगळीकडे त्याचाच पत्ता असणार. पिंपरीतल्या एखाद्या जुन्या पार्टीने रिपीट ऑर्डर पाठवली आणि मेल परत गेला, तर ते तुम्हाला कळणारही नाही. माणूस भांडून गेला असेल, तर त्याच क्षणी सस्पेंड करायचं, तिथे दुसरा विचार नाही. तुमच्याकडे तसं नाही. म्हणून खातं चालू ठेवा, फक्त त्याच्या हातातून काढून घ्या.

ते असं करायचं. `Directory > Users` मध्ये त्याचं नाव उघडा आणि पासवर्ड बदला. मग त्याच पानावर `Security` मध्ये `Sign-in cookies` चं `Reset` दाबा, म्हणजे ब्राउझरमध्ये कुठे लॉगिन उघडं राहिलं असेल तर तेही बंद होईल. `Connected applications` आणि `Application-specific passwords` या दोन्ही ठिकाणी जे दिसेल ते काढून टाका, कारण नुसत्या पासवर्ड बदलाने तिथली प्रत्येक परवानगी तुटेलच असं नाही. रिकव्हरीसाठी त्याचा मोबाइल नंबर आणि खासगी ईमेल दिलेला असेल, तो पुसा. नाहीतर 'पासवर्ड विसरलो' दाबून तो परत आत येऊ शकतो. त्याच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल चालू असेल तर डिव्हाइसच्या यादीतून फक्त खातं पुसण्याचा पर्याय निवडा, `Wipe account`. शेजारी अख्खा फोन पुसण्याचाही पर्याय असू शकतो, त्याला हात लावू नका. फोन त्याचा आहे आणि त्यात त्याच्या घरचे फोटो आहेत.

हे करण्यापूर्वी त्याला एक फोन जरूर करा. खात्यात त्याची सॅलरी स्लिप, पीएफचे कागद, असं काही खासगी असेल तर तो सांगेल आणि तुम्ही ते त्याला पाठवू शकाल. कंपनीच्या खात्यात शिरताना माणसाला कळवून शिरावं, असं मला मनापासून वाटतं.

आता नव्या पासवर्डने तुम्ही स्वतः त्याच्या खात्यात जा. टू-स्टेप चालू असेल तर ओटीपी त्याच्या फोनवर जाईल आणि तुम्ही दारातच अडकाल. त्यावर उपाय ॲडमिन कन्सोलमध्येच आहे. त्याच्या `Security` च्या पानावर `2-step verification` मध्ये बॅकअप कोड मिळतात, त्यातला एक वापरा.

आत गेल्यावर ड्राइव्हच्या शोधपट्टीत एवढंच टाइप करा:

```
owner:me
```

या यादीवर तुमचं सगळं काम उभं आहे. ड्राइव्हमध्ये फाइल शेअर केलेली असली, तिच्यात नऊच्या नऊ जण रोज लिहीत असले, तरी तिचा मालक एकच असतो, ज्याने ती बनवली तो. रेट लिस्ट तुम्हाला दिसते, उघडते, बदलता येते, म्हणून ती कंपनीची वाटते. प्रत्यक्षात ती त्याच्या खात्यात आहे आणि तुम्हाला फक्त आत येऊ दिलेलं आहे. यादी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला, कामाच्या मोठ्या फाइलींची नावं वहीत लिहा. `Trash` सुद्धा उघडून बघा. जाणारी माणसं जाताजाता साफसफाई करतात आणि त्यात एखादी कामाची शीट केराच्या टोपलीत जाते. ट्रॅशमधली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते, तेव्हा हवी ती आत्ताच `Restore` करा.

मग मालकी बदला. तुमच्या ॲडमिन लॉगिनने `Apps > Google Workspace > Drive and Docs > Transfer ownership` इथे जा. `From` मध्ये त्याचा पत्ता, `To` मध्ये तुमचा. काम पूर्ण झालं की मेल येतो. फाइली बऱ्याच असतील तर वेळ लागतो, तोवर दुसरं काही करू नका. सगळं तुमच्या `My Drive` मध्ये त्याच्या ईमेलच्या नावाच्या फोल्डरमध्ये येतं. फाइलींच्या लिंक त्याच राहतात, म्हणजे शॉप फ्लोअरवर सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर जपून ठेवलेली डिस्पॅच शीटची लिंक पूर्वीसारखीच उघडेल. ज्यांना ज्या फाइली शेअर आहेत त्यांना त्या तशाच दिसत राहतील.

झालं का हे कसं ओळखायचं? पुन्हा त्याच्या खात्यात जाऊन `owner:me` शोधा. यादी रिकामी यायला हवी. काही उरलं असेल तर ते का उरलं हे आत्ताच बघा, खातं हातात आहे तोवर.

इथे एक विनंती. हे सगळं तुमच्या नावावर ठेवून थांबू नका. उद्या तुम्ही सुट्टीवर गेलात किंवा दुसरीकडे गेलात तर पुढच्या ॲडमिनला हीच कसरत करावी लागेल. ड्राइव्हमध्ये डावीकडे `Shared drives` दिसत असेल तर तिथे 'सेल्स' नावाने एक शेअर्ड ड्राइव्ह करा, सेल्सच्या लोकांना सदस्य करा आणि कामाच्या फाइली त्यात हलवा. त्यातल्या फाइलींना माणूस मालक नसतो, कंपनी असते. सदस्य आला-गेला तरी फाइल जागची हलत नाही. फक्त एक ध्यानात असू द्या. जुन्या फोल्डरमुळे कुणाला आपोआप परवानगी मिळालेली असेल, तर फाइल हलवल्यावर ती जाऊ शकते. म्हणून हलवल्यावर सुपरवायझर, स्टोअर आणि डिस्पॅच यांच्याकडून एकेकदा उघडून घ्या.

आता ज्या दोन-तीन गोष्टी ट्रान्सफर करूनही येत नाहीत, त्या नीट समजून घ्या. फाइली हातात आल्या म्हणून लोक इथे निर्धास्त होतात आणि नेमकं पुढच्या आठवड्यात काहीतरी बंद पडतं.

पहिली, त्याच्या खासगी जीमेलवर बनवलेली शीट. तुमच्या कंपनीच्या फोल्डरमध्ये ती बिनबोभाट पडलेली असते, पण तिचा मालक कंपनीच्या खात्याबाहेरचा आहे. तुमची ट्रान्सफर तिला स्पर्शही करत नाही आणि वर्कस्पेसचा कुठलाही ॲडमिन ती ओढून घेऊ शकत नाही. सेल्सचा फोल्डर उघडा आणि `Owner` चा रकाना वाचत खाली या. `@gmail.com` चा पत्ता दिसला की त्या शीटवर `File > Make a copy` करा, कॉपी शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा आणि जुन्या शीटच्या नावापुढे 'वापरू नये' असं लिहा. कॉपीची लिंक नवी असते, जुना बदलांचा इतिहास तिच्यात येत नाही. तेवढं सोसावं लागेल. तो फोन उचलतोय, नातं चांगलं आहे, तेव्हा हे याच आठवड्यात करून घ्या. जुनी शीट त्याने एक दिवस सहज डिलीट केली, तर त्याच्याकडूनही चूक झाली असं म्हणता येणार नाही. ती त्याच्याच खात्यातली होती.

दुसरी, आपोआप चालणारी कामं. समजा रोज सकाळी नऊ वाजता डिस्पॅचच्या शीटमधून त्या दिवसाच्या गाड्यांची यादी सगळ्यांना मेलवर येते. ती पाठवतो त्या शीटला जोडलेला एक छोटा स्क्रिप्ट, आणि त्याला रोज नऊ वाजता उठवणारा ट्रिगर. शीटची मालकी तुमच्याकडे आली की स्क्रिप्टचा मजकूर तुमच्याकडे येतो. ट्रिगर येत नाही. तो ज्याने लावला त्याच्या खात्यावरच चालतो आणि खातं गेलं की गप्प बंद पडतो. कुणालाही तक्रारीचा मेल येत नाही, फक्त एका सकाळी यादी येत नाही. म्हणून त्याच्या लॉगिनने `script.google.com` वर जाऊन `My Triggers` बघा. जे असतील त्यांची नावं आणि वेळा लिहून घ्या. मग तुमच्या लॉगिनने ती शीट उघडा, `Extensions > Apps Script` मध्ये घड्याळाच्या चिन्हावर जा आणि तसाच ट्रिगर नव्याने लावा. परवानगी मागेल, द्या. लगेच त्याच्या खात्यावरचा जुना ट्रिगर काढा, नाहीतर सगळ्यांना एकच यादी दोनदा जाईल. यापुढे यादी तुमच्या पत्त्यावरून येते, हे ऑफिसात आधी सांगून ठेवा.

याच जातीची आणखी एक गोष्ट म्हणजे एका शीटमधले आकडे दुसरीत आणणारं `IMPORTRANGE` हे सूत्र. तुमची कोटेशन शीट दर उचलते ती बहुतेक रेट लिस्टच्या वेगळ्या शीटमधून. दोन शीट अशा जोडताना कुणीतरी एकदा `Allow access` दाबलेलं असतं, आणि ज्याने दाबलं त्याचा मूळ शीटवरचा हक्क गेला की जोडणी तुटते. मग दराच्या जागी `#REF!` दिसतं. घाबरू नका, दर कुठेही गेलेले नसतात. ज्याला दोन्ही शीट उघडतात अशा लॉगिनने त्या खान्यावर जाऊन पुन्हा `Allow access` दाबायचं. पण मूळ रेट लिस्ट खासगी जीमेलवरची असेल आणि तुम्ही तिची कॉपी केली असेल, तर सूत्रातली लिंकही बदलावी लागेल. ते राहिलं तर कोटेशन जुन्याच शीटचे दर दाखवत राहील, आणि ही चूक `#REF!` पेक्षा वाईट, कारण आकडा दिसतो म्हणून कुणी शंका घेत नाही. स्टीलचे दर वर गेले आणि कोटेशन जुन्या दराने गेलं, तर फरक तुमच्या खिशातून जाईल. ट्रान्सफरनंतर रेट लिस्टमध्ये एक दर मुद्दाम एका रुपयाने बदला, कोटेशनच्या शीटमध्ये तो बदलतो का बघा, आणि परत पूर्ववत करा.

वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म त्याने बनवला असेल तर फॉर्म ट्रान्सफरमध्ये येतो. नवी चौकशी आली की मेल यावा हे मात्र ज्याचं त्याने चालू करायचं असतं. फॉर्मच्या `Responses` मधून ते तुमच्या लॉगिनला चालू करा आणि एक खोटी चौकशी भरून बघा.

राहिला त्याचा मेल. ड्राइव्हची ट्रान्सफर मेलबॉक्सला लागू होत नाही. जुना पत्रव्यवहार हवा असेल, आणि सेल्समध्ये तो हवाच असतो, तर खातं जिवंत असताना काढून घ्यावा लागतो. तुमच्याएवढ्या ऑफिसला सोपा मार्ग म्हणजे त्याच्या लॉगिनने `takeout.google.com` वर जाऊन फक्त मेल निवडून उतरवून घेणं. फाइल `.mbox` प्रकारची येते, थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रॅममध्ये उघडता येते. एक प्रत ऑफिसच्या हार्ड डिस्कवर, एक शेअर्ड ड्राइव्हमध्ये, पण ती सगळ्यांसाठी खुली ठेवू नका. जुने मेल रोज शोधावे लागणार असतील तर ॲडमिन कन्सोलमधल्या `Data migration` ने ते नव्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये नेता येतात. त्यालाही जुनं खातं चालू लागतं.

पत्ता मात्र मरू देऊ नका. फाइली, ट्रिगर, मेल सगळं हाती लागल्यावर त्याच्या खात्याचं नाव बदला, समजा `old-sales@` असं काही. नाव बदललं की जुना पत्ता त्याच खात्याला अलियास म्हणून, म्हणजे त्याच मेलबॉक्सचा दुसरा पत्ता म्हणून, चिकटतो. तो तिथून काढा आणि नव्या कोऑर्डिनेटरच्या, किंवा तूर्त तुमच्या, खात्याला `Alternate email` म्हणून जोडा. अलियासला सीट लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. बाहेरच्या जीमेलवरून त्या पत्त्यावर एक मेल टाका आणि तुमच्याकडे येतो का बघा. बदल सगळीकडे लागू व्हायला काही वेळ जातो, लगेच नाही आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

हा पत्ता आणखी एका कारणासाठी हवा. इंडियामार्टसारखं पोर्टल, ट्रान्सपोर्टवाल्याचं बुकिंग, मोठ्या गिऱ्हाइकाचं व्हेंडर पोर्टल, यांपैकी कुठेतरी कंपनीचं लॉगिन त्याच्याच ईमेलने काढलेलं असणार. त्याला फोनवर विचारून यादी करा, प्रत्येक ठिकाणी ईमेल आणि मोबाइल नंबर बदला. जिथे `Sign in with Google` ने आत जात होता तिथे नुसता अलियास पुरत नाही, म्हणून ती खाती डिलीटच्या आधीच बदलून घ्या.

एवढं झालं की डिलीट. `Directory > Users` मध्ये त्याचं खातं, `Delete user`. ट्रान्सफरबद्दलचा तोच प्रश्न पुन्हा येईल. ड्राइव्ह तुम्ही आधीच रिकामं केलंय, तरी तिथे तुमचं नाव द्या, कॅलेंडरसाठीही द्या. पुढच्या तारखांच्या, दुसरं कुणी आमंत्रित असलेल्या मीटिंग त्यामुळे तुमच्याकडे येतात. डिलीट केलेलं खातं 20 दिवसांच्या आत सुपर ॲडमिनला परत आणता येतं, त्यानंतर नाही. परत आणायला एक सीट मोकळी लागते, म्हणून ती तोवर नव्या माणसाला दिलेली नसली तर बरं. हे 20 दिवस अशा काळात येऊ द्या की त्यात तुमचं महिनाअखेरचं बिलिंग आणि डिस्पॅच एकदा तरी पूर्ण होईल. काही राहिलं असेल तर ते तेव्हाच उघडं पडतं. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर डिलीट करू नका.

आणि प्लॅन `Annual` असेल तर खातं डिलीट केल्याने सीटचा आकडा आपोआप नवाचा आठ होत नाही. नूतनीकरणाच्या तारखेआधी `Subscriptions` मधल्या नूतनीकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो तुम्हालाच बदलावा लागतो, रीसेलर असेल तर त्याला मेलवर लेखी कळवावं लागतं. तारीख आजच कॅलेंडरवर टाका, पंधरा दिवस आधीची आठवण लावून. एक सीट कमी झाली की तिच्याबरोबर आलेली साठवणुकीची जागाही कंपनीच्या एकूण जागेतून वजा होते, तेव्हा आकडा बदलण्याआधी `Storage` चं पान बघून आठ सीटच्या जागेत तुमचं सगळं मावतंय याची खात्री करा.